सही कोणाची, मर्यादा कोणावर

"माझ्याच पैशाला तुझी सही लागायली व्हय रे?" आईनं फोनवर एवढंच विचारलं आणि मी निरुत्तर झालो. बँकेच्या काउंटरवर बावीस वर्षं बसलेल्या माणसाला हा प्रश्न आधी सुचायला हवा होता. तो सुचला एकाहत्तर वर्षांच्या, चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला.

झालं होतं ते साधं होतं. गावात सप्ताह बसणार होता आणि आईला वर्गणीचे 2,100 रुपये द्यायचे होते. वर्गणी गोळा करणाऱ्या पोरानं आपला क्यूआर पुढं केला, आईनं तो स्कॅन केला, आकडा टाकला आणि मंजुरीची विनंती माझ्या फोनवर आली. मी तेव्हा इकडं छत्रपती संभाजीनगरात, काउंटरसमोर रांग लागलेली. स्क्रीनवर एक अनोळखी नाव आणि 2,100 हा आकडा, बास. हल्ली म्हाताऱ्या माणसांना कसं गंडवतात ते मी रोज ऐकतो, म्हणून मी लगेच नाकारलं. नंतर फोन केला तेव्हा कळलं की ते नाव म्हणजे आमच्याच गल्लीतल्या, आम्ही ज्याला लहानपणापासून टोपणनावानं ओळखतो त्या माणसाचा मुलगा. चार बायांसमोर आईचे पैसे "गेले नाहीत". तिनं शेजारणीकडून उसने घेऊन वर्गणी दिली, आणि त्यानंतर दोन महिने तिच्याकडून एकही विनंती आली नाही. मला वाटलं, आई काटकसर करायली.

ही सगळी व्यवस्था मीच मोठ्या हौसेनं लावली होती, आणि ती आधी आईसाठी नव्हे, लेकीसाठी लावली होती. ती अकरावीला लातूरला आहे, क्लाससाठी. खोलीभाडं आणि मेसचे पैसे मी थेट देतो. राहतो तो वरखर्च: झेरॉक्स, रिक्षा, संध्याकाळचा वडापाव, सुटीत घरी यायचं एसटीचं तिकीट. यूपीआय सर्कल ही सोय 2024 च्या ऑगस्टमध्ये आली ती नेमकी अशा कामासाठी. खातं माझं, पिन माझा, पण माझ्या खात्यातून खर्च करायची मर्यादित मुभा मी दुसऱ्या माणसाला त्याच्या फोनवर देऊ शकतो. त्या माणसाचं स्वतःचं बँक खातं जोडलेलं नसलं तरी चालतं. असे पाच जण मला जोडता येतात. मात्र जोडला गेलेला माणूस एका वेळी एकाच खातेदाराच्या सर्कलमध्ये राहू शकतो.

मुभा दोन तऱ्हेची असते. फुल डेलिगेशनमध्ये मी महिन्याची मर्यादा ठरवून देतो, ती जास्तीत जास्त 15,000 रुपये, आणि एका वेळी 5,000 च्या वर नाही. त्या मर्यादेत समोरच्याला मला विचारावं लागत नाही, मला फक्त सूचना येते. पार्शल डेलिगेशनमध्ये प्रत्येक व्यवहाराची विनंती माझ्याकडे येते आणि मी माझा पिन टाकला तरच पैसे जातात. सगळ्या अ‍ॅपमध्ये दोन्ही तऱ्हा मिळतातच असं नाही, ते आधी पाहून घ्यावं लागतं.

लेकीला मी पहिल्या आठवड्यात पार्शल दिलं होतं. ती झेरॉक्सच्या दुकानात, मागं वीस पोरं उभी, आणि बापाचा फोन सायलेंटवर. तीनदा तिनं मैत्रिणीकडून उसने घेतले, मग रडत फोन केला. मी फुल करून दिलं, महिन्याला 4,000. तेव्हापासून तक्रार नाही. तिला एकच गोष्ट बजावली, फोनचं लॉक कुणाला सांगायचं नाही. या सोयीत तिच्याकडं यूपीआय पिन नसतोच, तिच्या फोनचं लॉक किंवा बोट हीच किल्ली. होस्टेलात एकमेकींच्या फोनचे पॅटर्न सगळ्यांना पाठ असतात, आणि तिथंच खरी गळती होते.

पोरांच्या बाबतीत हे सरळ आहे, कारण पैसा बापाचा आणि खर्चणारं लेकरू. मर्यादा घालायचा हक्क कोणाचा, यात वादच नाही. शिवाय ही मर्यादा तात्पुरती आहे हे दोघांनाही माहीत असतं. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू देण्याची परवानगी रिझर्व्ह बँकेनं 2025 च्या एप्रिलमधल्या परिपत्रकानं बँकांना दिली आहे, किती रकमेपर्यंत आणि कोणत्या सोयींसह ते ज्या त्या बँकेनं ठरवायचं. म्हणजे उद्या लेक माझ्या सर्कलमधून बाहेर पडेल, पडायलाच हवी.

चूक झाली ती लेकीचं माप आईला लावलं तेव्हा. दिवाळीनंतर सोयाबीन मोंढ्यावर गेलं. नऊ क्विंटल, 4,200 चा भाव, हमाली-तोलाई वजा जाता हातात 37,400 रुपये. सातबारा आईच्या नावावर, त्यामुळं पट्टीचे पैसे तिच्या खात्यात. शिवाय पीएम किसान आणि नमो शेतकरीचे हप्ते तिथंच येतात. धाकट्या भावाचं म्हणणं पडलं, "दादा, तिच्या खात्यात एवढे पैसे नको ठेवायला, कुणीतरी फोन करून काढून घेईल. तू तुझ्याकडं वळते करून घे आणि तिला तुझ्या सर्कलमध्ये टाक." मला ते पटलं. पैसे माझ्या खात्यात आले, आई माझी "दुय्यम" वापरकर्ती झाली, आणि सावधगिरी म्हणून मी तिला पार्शल दिलं. प्रत्येक रुपयाला माझा पिन.

वाचायला हे काळजीचं वाटतं, पण कागदावर मांडून पाहा. जिची जमीन, जिचं पीक, जिच्या नावची पट्टी, ती बाई आता दुसऱ्याच्या खात्यातून मागून खर्च करणार. माझं काही बरंवाईट झालं तर ते पैसे माझ्या सगळ्या वारसांत वाटले जाणार, एकट्या तिचे राहणार नाहीत. माझ्या एखाद्या कर्जापोटी बँकेनं खातं गोठवलं तर तिचं सोयाबीनही गोठणार. आणि मी नाकारलं तर तिला दाद मागायला जागा नाही, कारण बँकेच्या लेखी मी माझ्या पैशाला नाही म्हणालो.

माझं म्हणणं म्हणून एवढंच आहे: मर्यादा ज्याचा पैसा आहे त्याच्यावर घालायची नसते, जो दुसऱ्याचा पैसा हाताळतो त्याच्यावर घालायची असते. लेकीच्या बाबतीत हाताळणारी लेक असते. आईच्या बाबतीत हाताळणारे आपण असतो.

आपल्याकडं प्रत्यक्षात काय चालतं ते काउंटरवरून रोज दिसतं. म्हाताऱ्याचं एटीएम कार्ड मुलाच्या किंवा पुतण्याच्या पाकिटात, पिन पासबुकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेला, आणि सिमकार्ड नातवाच्या फोनात. "मामा, तुमचे पैसे कोण काढतं?" विचारलं की "पोरगंच काढतंय की" असं उत्तर येतं, आणि त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नाही. बहुतेक घरांत काही होतही नाही. पण जेव्हा होतं तेव्हा नियम कोरडा असतो. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाप्रमाणं ग्राहकानं स्वतः पिन दुसऱ्याला दिला आणि त्यातून नुकसान झालं, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. मग समोरचा चोर झारखंडातला असो की ओसरीवरचा.

माझ्या धाकट्या भावाकडंही आईचं कार्ड आणि पिन होता. तो गावात असतो, वेगळा राहतो, पण दवाखाना, गॅस, लाइट बिल, सगळी धावपळ त्याचीच. चोर तो नाहीच, पण हिशोब ठेवत नाही. आईला दर महिन्याला वाटायचं की पैसे लवकर संपायले, आणि ती बोलायची नाही, कारण बोललं की सून तोंड फिरवते.

सप्ताहाच्या प्रकरणानंतर मी दोन दिवसांची रजा टाकून गावी गेलो आणि सगळं उलटं करून लावलं. सोयाबीनचे पैसे आधी तिच्या खात्यात परत. माझ्या सर्कलमधून ती बाहेर. मग तिच्या फोनवर अ‍ॅप मराठीत केलं आणि तिच्या खात्याला तिनंच पिन ठेवला. मी अंगणात जाऊन उभा राहिलो, कारण "तू बघू नको" हे तिनं आधीच सांगितलं होतं. त्यानंतर ती खातेदार आणि भाऊ तिच्या सर्कलमधला दुय्यम, फुल डेलिगेशन, महिन्याला 4,000. त्याचा नंबर तिच्या फोनात सेव्ह असणं गरजेचं होतं, कारण हातानं नंबर टाकून कुणाला जोडता येत नाही. फोनातल्या यादीतला माणूस निवडायचा आणि त्याचा क्यूआर स्कॅन करायचा. मग तिनं पिन टाकला, भावानं त्याच्या फोनवर मान्य केलं. कार्ड भावाकडून परत घेतलं आणि एटीएमला जाऊन त्याचा पिन बदलला.

आकडा 4,000 चाच का? तिची बीपी-शुगरची औषधं सहाशेच्या आसपास जातात, गॅस, लाइट बिल आणि महिन्याचा किराणा धरून साडेतीन हजारांच्या आत बसतं. वर थोडी सैल जागा हवी, म्हणून चार. 15,000 ठेवता येतात म्हणून 15,000 ठेवणं म्हणजे मर्यादा नसल्यासारखंच. दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर चार हजारांनी भागणार नाही हे खरं, पण तेव्हा आई स्वतः पिन टाकून देऊ शकते, किंवा आम्ही दोघं भाऊ आमच्या खिशातून भरतो आणि मागनं बघतो.

भाऊ नाराज झाला, हेही सांगायला पाहिजे. "इतकी वर्षं केलं, आता माझ्यावर लिमिट?" मला उत्तर सुचेना. आईच म्हणाली, "अरे, आडत्याकडं आपण पट्टी मागतोच की. म्हणून आडत्या चोर असतो काय?"

आता खरी अडचण. आई खातेदार झाली, म्हणजे तिच्या पिनावर तिचं सगळं खातं उघडं. बँकेतून बोलतोय, केवायसी संपली, आज रात्री लाइट तोडणार, असा फोन आला आणि ती घाबरली, तर सर्कल तिला वाचवत नाही. सर्कल दुय्यम माणसाला आवरतं, मूळ खातेदाराला नाही. हे न समजून लोक भलत्या भरवशावर राहतात. उलट एखादा गोड बोलून आपला नंबर सेव्ह करायला लावून स्वतःलाच तिच्या सर्कलमध्ये जोडून घेऊ शकतो. म्हणून अ‍ॅपमधली जोडलेल्यांची यादी मी गावी गेलो की उघडून बघतो, त्यात एकच नाव दिसायला पाहिजे.

यावर उपाय नव्या तंत्रात सापडला नाही, जुन्या अर्जात सापडला. बँकेत दोघांच्या नावानं खातं उघडताना फॉर्मवर एक चौकट असते, व्यवहार कोणाच्या सहीनं चालणार. काउंटरवर आम्ही ती बहुतेक वेळा न विचारता भरतो, आयदर ऑर सर्व्हायव्हर, म्हणजे दोघांपैकी कोणीही. आईचं खातं असं झालं की मुलगा एकटा येऊन शेवटच्या रुपयापर्यंत काढू शकतो, आणि बँक त्याला अडवू शकत नाही. दुसरी पद्धत फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर. पहिलं नाव आईचं असेल तर ती हयात असेपर्यंत फक्त तीच चालवणार, मागं दुसऱ्याला मिळणार. तिसरी जॉइंटली, प्रत्येक वेळी दोघांची सही. आमच्या बँकेत या तिसऱ्या खात्याला यूपीआय मिळत नाही. तरुण माणसाला ही गैरसोय वाटते. माझ्या आईच्या सोयाबीनला तीच राखण आहे.

म्हणून 37,400 पैकी 8,000 तिच्या रोजच्या खात्यात ठेवले आणि उरलेले तिच्या आणि माझ्या दोघांच्या सहीच्या खात्यात. फोनवरून कोणी कितीही घाबरवलं तरी रोजच्या खात्यात आहे त्याच्या वर जाणार नाही. मीही तिच्या अंगठ्याशिवाय, म्हणजे सहीशिवाय (ती सही करते आणि अंगठा म्हटलेलं तिला आवडत नाही), मोठ्या खात्याला हात लावू शकत नाही. याला किंमत आहे. खतं-बियाणाच्या वेळी दोघांना बँकेत एकत्र जावं लागतं, आणि मी सहा तासांवर राहतो. दोघांपैकी एक गेला तर उरलेल्याला नुसती पासबुक दाखवून पैसे मिळत नाहीत, कागदपत्रं करावी लागतात. दोघांच्याही मागं पैसे कुणाला मिळावेत यासाठी नॉमिनी आधीच लावून ठेवला आहे. नुसतं मोठ्या रकमेचं खातं अ‍ॅपला न जोडणं मात्र पुरत नाही. त्याच मोबाइल नंबरावर नोंदलेलं खातं कुठल्याही यूपीआय अ‍ॅपमध्ये शोधून जोडता येतं, आणि पिन आधारच्या ओटीपीवरही बनतो. "आईनं जोडलंच नाही" ही राखण नव्हे.

पण हे सगळं म्हणजे ठिगळं आहेत, आणि वाद घालायचा तो इथंच. फॉर्म भरताना दोन सह्यांची जी सोय माझ्या आजोबांनाही मिळत होती, ती फोनवर सर्रास का मिळू नये? आज यूपीआयवर बहुतेकांच्या हाताशी दोनच टोकं आहेत. एक, माझा पैसा मी कितीही उधळावा, कुणी विचारणार नाही. दोन, दुसऱ्याच्या पैशातून मागून खर्च करावा. मधलं काही सहज मिळत नाही. म्हाताऱ्या माणसाला हवं आहे ते मधलं: पैसा माझ्या खात्यात, पिन माझा, तीन हजारांपर्यंत मला कुणी विचारू नये, आणि त्याच्या वर गेलं तर मीच निवडलेल्या एका माणसानंही होकार द्यावा. तो आकडा तिनं ठरवायचा, माणूसही तिनं. त्या माणसाला तिचे पैसे वापरायचा काडीचाही अधिकार नको, फक्त थांबवायचा हवा, आणि तोही काही तासांपुरता. सकाळी नाकारलेले 2,100 संध्याकाळी आई पुन्हा पिन टाकून देणार असेल तर ते गेले पाहिजेत. चोराच्या फोनला घाई असते, सप्ताहाच्या वर्गणीला नसते. तेवढ्या तासांत दोन्हींमधला फरक आपोआप पडतो.

यावर आमच्याच बँकेतले एक साहेब म्हणाले, "मग घरातलेच म्हाताऱ्यांना बळजबरी करून स्वतःला नेमून घेतील." घेतील. पण आज ते पिनच घेतात. नुसतं थांबवू शकणारा माणूस पिन असलेल्या माणसापेक्षा कमी धोक्याचा, हे समजायला फार अक्कल लागत नाही. आणखी एक गोष्ट मला स्वतःच्या चुकीतून कळली. मंजुरी मागणाऱ्या विनंतीत कारण सांगायला जागा हवी, लिहून नाही तर बोलून. मला त्या दिवशी अनोळखी नावाऐवजी आईच्या आवाजातलं "सप्त्याची वर्गणी हाय" एवढं ऐकू आलं असतं, तर मी नाकारलं नसतं.

एवढं करूनही कधी घात झालाच तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन आणि मागोमाग बँकेला कळवणं, हे आईच्या खोलीत कॅलेंडरच्या बाजूला मोठ्या आकड्यांत लिहून लावलंय. सुनेला आणि शेजारणीलाही सांगून ठेवलंय, कारण फसलेला माणूस लाजेनं आधी दोन दिवस गप्प बसतो, आणि पैसे अडवायचे तर वेळ तेव्हाच असतो.

परवा भावानं तिच्या खात्यातून औषधं आणली, 640 रुपये. तो मेडिकलमधून घरी पोचायच्या आत आईचा त्याला फोन गेला होता. "सहाशे चाळीस कसे रे? मागल्या टायमाला तर पाचशे ऐंशी लागले होते." त्यानं मला वैतागून फोन केला. मी म्हटलं, गोळ्यांची पावती घेतलीस का?